मैत्रिणीचा साखरपुडा आणि घशात अडकलेले अभिनंदन

«आदरणीय ताई, मी वेंगुर्ल्याची, वय ३२, एका पतसंस्थेत नोकरी करते. माझ्या बालवाडीपासूनच्या मैत्रिणीचे लग्न ठरले आहे. साखरपुडा पुढच्या महिन्यात आणि लग्न वैशाखात. मुलगा डोंबिवलीला असतो, मूळ गाव राजापूर तालुक्यातले. बातमी सांगायला तिचा फोन आला, तेव्हा “अरे वा, अभिनंदन गं” एवढेच म्हणाले आणि काउंटरवर गर्दी आहे असे सांगून फोन ठेवला. गर्दी नव्हती. रात्री ग्रुपवर दोघांचा फोटो आला, तिथे अंगठा टाकून मोकळी झाले. आम्ही रोज संध्याकाळी बंदरावर फिरायला जातो, पण चार दिवस मी कामाचे निमित्त सांगून गेलेली नाही. तिच्यासाठी मला आनंद होतो, हे खरे आहे. आणि घरी आल्यावर रडू येते, हेही खरे आहे. आमच्या मैत्रिणींत बिनलग्नाची आता मी एकटीच उरले. मी तिचा मत्सर करते का? तिला हे सांगावे का? साखरपुड्याला तब्येतीचे निमित्त काढून गैरहजर राहिले तर चालेल का?»

नमस्कार.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधी त्या फोनकडे पाहू, कारण बाकीचे सारे काही दिवस थांबू शकेल, हे थांबणार नाही.

चांगली बातमी ऐकणारा माणूस काय करतो, यावर शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऐकणाऱ्याच्या प्रतिसादाचे त्यांनी चार प्रकार मानले. कोणी रस घेऊन विचारपूस करतो आणि सांगणाऱ्याच्या आनंदात सामील होतो. कोणी चार चांगले शब्द बोलतो, पण विषय तिथेच मिटवतो. कोणी लगेच खोट काढतो, की डोंबिवलीत जागा ती केवढीशी आणि लोकलची ती गर्दी. आणि कोणी ऐकलेच नसल्यासारखा दुसरे काही बोलू लागतो. तुमचे “अरे वा, अभिनंदन गं” दुसऱ्या प्रकारात बसते. शब्द वावगा नसल्यामुळे तो प्रकार निरुपद्रवी वाटतो, पण त्या अभ्यासात फक्त पहिल्या प्रकारच्या प्रतिसादाचा संबंध नात्यातल्या समाधानाशी चांगल्या अर्थाने जुळलेला दिसला. उरलेले तिन्ही, त्या मिळमिळीत अभिनंदनासह, उलट्या बाजूला पडले. अभ्यासाचा हा भाग जोडप्यांवरचा होता, त्यामुळे तो मैत्रीला जसाच्या तसा लावू नये. तरीही फोन ठेवल्यावर तुमच्या मैत्रिणीला काय वाटले असेल, याचा अंदाज त्यावरून येतो. तुमच्या बोलण्यात तिला दोष काढता येणार नाही, आणि तरी काहीतरी राहून गेले हे तिला जाणवले असेल. त्यात चार संध्याकाळी तुम्ही बंदरावर गेलेल्या नाहीत.

तेव्हा उद्या जा. फोनवर किंवा मेसेजवर हे भरून काढण्याचा प्रयत्न करू नका; तुमची रोजची फिरण्याची वेळ आणि जागा आयती आहे. तिथे एवढेच म्हणा, “त्या दिवशी मी नीट बोललेच नाही. आज मला सगळं पहिल्यापासून सांग.” गर्दीची सबब पुन्हा उगाळू नका आणि मोठी माफीही मागू नका, नाहीतर तिची गोष्ट बाजूला राहून तिला तुमचीच समजूत घालत बसावे लागेल. त्यानंतर प्रश्न विचारा, पण ते मैत्रिणीचे असू द्यात. पगार किती, जागा स्वतःची की भाड्याची, सासू-सासरे जवळ राहणार का, हे तिला आतापर्यंत शेजारच्या प्रत्येक घरात विचारून झाले असेल. पहिल्यांदा भेटलात तेव्हा तो काय बोलला, तुला नक्की कशामुळे हो म्हणावेसे वाटले, घरी सांगितल्यावर आई काय म्हणाली, हे बहुधा कोणी विचारलेले नसेल. यातला मधला प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण त्याचे उत्तर देताना तिला स्वतःशीही विचार करावा लागेल. तुमच्या बाजूनेही एक गोष्ट घडेल. आतापर्यंत तुमच्या मनात ‘तिचे लग्न’ नावाची एक धूसर आपत्ती आहे. तपशील ऐकले की तिच्या जागी एक माणूस दिसू लागेल, जो कदाचित चहात साखर जास्त घेतो आणि पहिल्या भेटीत घाबरून फारच कमी बोलला. माणसाचा धसका घेणे तुलनेने अवघड असते.

ऐकताना डोळे भरून आले, तर लपवू नका. “भरून आलं गं” एवढे म्हणायला हरकत नाही. ते खरे आहे आणि अशा वेळी कोणी त्याचा खुलासा मागत नाही. मात्र दोन गोष्टी टाळा. पहिल्या फोनची उणीव भरून काढण्यासाठी उगाच उसळता उत्साह दाखवू नका. स्टेटसवर बालपणापासूनचे फोटो आणि त्याखाली लांबलचक मजकूर पाहून बाकीचे लोक भारावतील, पण तीस वर्षांच्या मैत्रिणीला तुमचा आवाज चढला की नेमके काय झाले हे कळते. दुसरे म्हणजे “आता तू आम्हाला कशाला ओळख दाखवशील” ही चेष्टा. ती सगळेच करतात आणि निरागस वाटते, पण तिच्या उत्तरात तिला “नाही गं, असं कसं होईल” म्हणावे लागते, म्हणजे तिच्याच बातमीच्या दिवशी तिला तुमचे सांत्वन करायला लावल्यासारखे होते.

आता मत्सराचे. अब्राहम टेसर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात एक सिद्धांत मांडला, त्याचा सारांश असा: दुसऱ्याचे यश आपल्याला किती बोचते, हे त्या यशाच्या आकारावर कमी आणि दोन गोष्टींवर जास्त अवलंबून असते. ती व्यक्ती आपल्या किती जवळची आहे, आणि ज्या बाबतीत तिला यश मिळाले ती बाब आपल्याला स्वतःसाठी किती महत्त्वाची वाटते. म्हणून पतसंस्थेतल्या सहकारी मुलीचे लग्न ठरले तर तुम्ही पेढा खाऊन कामाला लागाल, आणि तुम्हाला ज्यात काडीचाही रस नाही अशा परीक्षेत ही मैत्रीण पहिली आली असती तर तुम्ही मिरवत फिरला असता. इथे मात्र ती सर्वांत जवळची आहे, आणि लग्न ही तुमच्या मनातली न सुटलेली बाब असावी. जे दुखते आहे, त्यातला काही भाग याच तुलनेचा आहे. त्याला मत्सर म्हणायचे असेल तर म्हणा. तो जवळिकीपोटी येतो, तिचे वाईट व्हावे या इच्छेतून नाही. वाईट इच्छेच्या खुणा वेगळ्या असतात. मुलाविषयी काही वावगे कानावर आले आणि क्षणभर बरे वाटले, खरेदीला तिच्याबरोबर गेलात आणि प्रत्येक साडीत खोट दिसू लागली, तिच्या मेसेजला मुद्दाम रात्रीपर्यंत उत्तर द्यावेसे वाटले नाही, अशा गोष्टी स्वतःत दिसू लागल्या तर सावध व्हा. तुम्ही लिहिलेल्या पत्रात मला त्या दिसत नाहीत. चार संध्याकाळी न जाणे त्यांच्या जरासे जवळ जाते, म्हणूनच उद्या जा म्हटले.

पण सगळे दुःख तुलनेचे नाही, असे मला वाटते, आणि ते तुमचे तुम्हालाच तपासून पाहता येईल. अशी कल्पना करा की मैत्रिणीचे लग्न ठरलेले नाही, पण तिला पुण्यात कायमची नोकरी लागली आहे आणि ती वैशाखात वेंगुर्ले सोडून जाणार आहे. तुम्हाला इतकेच रडू येईल का? आता दुसरी कल्पना करा: तिचे लग्न ठरले आहे, पण मुलगा वेंगुर्ल्यातलाच आहे, ती दोन गल्ल्या सोडून राहणार आहे आणि फिरायला येतच राहणार आहे. तेव्हा काय वाटते? दोन्ही कल्पना दोन-तीन दिवस मनात ठेवून पाहा. पहिल्या क्षणाचे उत्तर खरे असतेच असे नाही. पुण्याच्या कल्पनेनेही तितकेच पोटात तुटत असेल, तर तुमचे दुःख ताटातुटीचे आहे आणि लग्न हे त्याचे निमित्त. शेजारी राहणाऱ्या मैत्रिणीचे लग्नही तितकेच टोचत असेल, तर प्रश्न तुमच्या स्वतःच्या लग्नाचा आहे. तो तुम्ही बाजूला ठेवला आहे किंवा घरच्यांनी ठेवायला लावला आहे, आणि ही मैत्रीण इथेच राहिली तरी तो सुटणार नाही. तुमच्या पत्रात बंदराचा उल्लेख आधी आला आणि बिनलग्नाची एकटी उरल्याचा नंतर, म्हणून ताटातुटीचे पारडे जड असावे असा माझा कयास आहे. कयासच, कारण पत्रातल्या वाक्यांच्या क्रमावरून फार काही ठरवणे बरे नव्हे.

ताटातूट असेल, तर पुढची एक चूक आधीच सांगून ठेवते. रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एकात आपल्याभोवती माणसांचा गोतावळा नसतो, दुसऱ्यात मन मोकळे करावे असे एक माणूस नसते; आणि त्यांचे म्हणणे असे होते की एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. तुम्ही पतसंस्थेत रोज पन्नास माणसांशी बोलता, गावात सगळे ओळखीचे आहेत, तेव्हा गोतावळ्याची वाण तुम्हाला नाही. म्हणून मैत्रीण गेल्यावर लोक तुम्हाला महिला मंडळात नाव घाल, भिशी लाव, योगाच्या वर्गाला जा असे सांगतील, त्यात तुमचा वेळ जाईल आणि तरीही संध्याकाळी सहा वाजता काहीतरी रिकामे वाटेल. मग वाटेल की आपल्यातच काही दोष आहे. दोष नाही, औषध दुसऱ्याच दुखण्याचे घेतले एवढेच. एका माणसाची जागा एखाद्याच माणसाशी हळूहळू वाढवलेल्या ओळखीने भरते, आणि त्याला महिने लागतात. चुलत बहीण, पतसंस्थेतली एखादी सहकारी, आता मुले थोडी मोठी झाल्याने पुन्हा मोकळी होऊ लागलेली जुनी वर्गमैत्रीण, यांपैकी कोणी एकटी तुमच्याबरोबर बोलायला बसेल का, हे आतापासून पाहायला लागा. मैत्रीण जाण्याआधी सुरुवात करणे ही प्रतारणा नव्हे.

तिला हे सांगावे का, याचे उत्तर सांगावे असे आहे. पण साखरपुड्याच्या आधी नको आणि लग्नाच्या आठवड्यात तर मुळीच नको. मधला काळ तुमच्याकडे भरपूर आहे. साखरपुडा होऊन दोन-तीन आठवडे गेले, पहिली धामधूम ओसरली, की एखाद्या संध्याकाळी दोन-चार वाक्यांत सांगा: “तुझं लग्न ठरल्याचा मला आनंद आहे. तू जाणार याचं वाईटही वाटतंय आणि त्यामुळे पहिल्या दिवशी मी तुटकपणे बोलले. तुला काही करायला नको, फक्त तुला ठाऊक असावं.” शेवटचे वाक्य विसरू नका. ते नसेल तर तिला वाटेल की तुम्ही तिच्याकडून काहीतरी मागता आहात, आणि देता येण्याजोगे तिच्याकडे काही नाही. आपणच बिनलग्नाच्या उरलो, हा भाग मात्र तिच्याकडे बोलू नका. तो तिच्या लग्नाशी जोडला गेला की तिला आपल्या आनंदाचा संकोच वाटू लागेल. तो बोलायला दुसरे कोणी शोधा, बहुधा मोठी बहीण किंवा मावशी. आणि त्या बोलण्यात मैत्रिणीचे नाव न आलेलेच बरे. सांगितल्यावर तिलाही रडू येण्याची बरीच शक्यता आहे. जाणारीला ताटातूट नसते असे आपण धरून चालतो, पण बंदर तर तिचेही सुटणार आहे आणि शिवाय घरही.

साखरपुड्याला जा. तब्येतीचे निमित्त गावात दुपारपर्यंतही टिकत नाही. कोणीतरी पेज घेऊन तुमच्या दारात येईल आणि तुम्ही अंगणात कपडे वाळत घालताना सापडाल. गंभीरपणे सांगायचे तर, त्या दिवशीची तुमची गैरहजेरी फोटोंच्या प्रत्येक अल्बममध्ये राहील आणि ती भरून काढता येणार नाही. पण जायचे म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत हसतमुख उभे राहायचे असेही नाही. एक ठरावीक काम आधीच मागून घ्या. माझ्या मते तबकांचे काम चांगले: मुलीकडून जाणारी तबके लावणे, ओटीचे खण, नारळ, तांदूळ जागेवर आहेत ना हे पाहणे, साखरेचा पुडा बांधून ठेवणे, कोणी साडी नेसवायला आत नेली की दागिन्यांच्या डब्यांवर लक्ष ठेवणे. या कामाला सुरुवात आहे आणि शेवटही आहे. शिवाय ते आतल्या खोलीत तिच्याजवळ राहून करायचे असते. जेवणाची पंगत किंवा पाहुण्यांची ऊठबस अंगावर घेऊ नका. त्यात माणूस दिवसभर धावतो, तिला पाच मिनिटे भेटत नाही, आणि संध्याकाळी आपल्याला फक्त राबवून घेतले असे वाटून घरी जातो. काम संपले की शांतपणे बसा, जेवा, आणि तिचा निरोप घेऊनच निघा.

तिथे एक प्रश्न तुम्हाला विचारला जाणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे. “तुझे लाडू कधी गावतले गो?” असे एखादी काकी विचारील, आणि तिला त्यात काही लागेल असे बोलल्याचे भानही नसेल. याला उत्तर आधी ठरवून ठेवा, कारण ऐन वेळी सुचलेले उत्तर एक तर फार कडू असते किंवा फार खुलासेवार. “काकी, ठरला काय पयल्यांदा तुमकाच सांगतलंय” एवढे हसून म्हणावे आणि हातातले तबक पुढे न्यावे. हातात तबक असण्याचा हा दुसरा फायदा. तीच काकी पुन्हा तिसऱ्यांदा विचारू लागली, तर पाणी आणायला उठावे. त्यात काही वावगे नाही.

साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये तुम्हाला तिच्यासाठी काही करायचे असेल, तर आपल्याकडे केळवण आहेच. तुमच्या घरी तिला एकटीला बोलवा, फार तर तिच्या आईला. तिच्या आवडीचे करा, घावणे आणि रस म्हणा किंवा माशाचे तिखले म्हणा, आणि ओटी भरून पाठवा. बाकी केळवणांत पंधरा-वीस माणसे असतील आणि फोटो काढले जातील. तुमच्याकडे ती तासभर नुसती पाय पसरून बसेल. वर लिहिलेले मनातले बोलणे त्या दिवशी नको, ते आधीच फिरताना उरकलेले असू द्या.

लग्नानंतरचे पहिले वर्ष तुम्हाला अवघड जाईल, आणि तिथे अपेक्षा नेमक्या ठेवाव्यात असे मला वाटते. जोडपे एकमेकांत गुंतत जाते तसा मित्रमैत्रिणींना दिला जाणारा वेळ कमी होतो, हे अमेरिकेत १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलेले आहे. तिथे जवळीक वाढत गेलेल्या जोडप्यांची मित्रमंडळी आकसत गेलेली दिसली. तेव्हा तिचे फोन कमी झाले तर तो तुमच्यावरचा रोष समजू नका. भाद्रपदात तर ती राजापुरालाच असेल. पहिल्या गणपतीला सासरी जाणे चुकत नाही, आणि त्यांच्याकडे गौरीला नव्या सुनेचा ओवसा असेल तर त्या तीन दिवसांत तिला फोन हातात घ्यायलाही फुरसत मिळणार नाही. गणपतीत ती वेंगुर्ल्याला येईल अशी आशा धरून बसलात, तर उगीच दुखावल्या जाल. त्याऐवजी लग्नाआधीच तिच्याशी बोलून फोनचा एक दिवस नक्की करा, आठवड्यातून एकदा आणि ठरलेल्या वेळी, उदाहरणार्थ रविवारी सकाळी. रोज मेसेज करण्याचे वचन घेऊ नका. ते दोघींपैकी एकीकडून पहिल्याच महिन्यात मोडते आणि मग मोडणारी कोण, हे मनात राहते. दिवाळीनंतर, घरातली माणसे तिच्या ओळखीची झाली की, तिने बोलावल्यावर तुम्ही जा. सावंतवाडीहून तुतारी एक्सप्रेस आहेच, पण आरक्षण लवकर करा.

एवढे करूनही रडणे थांबले नाही, सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि जेवण बिघडले, पतसंस्थेत जाणे ओझे वाटू लागले, किंवा जगण्यात काही अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर ते मैत्रिणीच्या लग्नाचे दुःख उरत नाही. तेव्हा डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली मानस या सरकारी सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. जगण्यात अर्थ नाही असे विचार आले, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.

आणि तुम्ही ग्रुपवर टाकलेला तो अंगठा तसाच राहू द्या. तो काढून आता तिथे दुसरे काही टाकलेत, तर बाकीच्या मैत्रिणी कारण विचारतील. उद्या बंदरावर ती भेटेलच.